पत्रे उडालेल्या शाळेची फाईल: टिपणी, मसुदा आणि कागदावर काय राहायला हवं

सरकारी नोकरीत नवीन लागलेल्या माणसाला टिपणी लिहायला कोणी शिकवत नाही. ट्रेनिंगमध्ये एखादं लेक्चर होतं, पण खरं शिक्षण म्हणजे शेजारच्या टेबलवरची जुनी फाईल उघडायची, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" इथून सुरू करायचं आणि "योग्य त्या आदेशास्तव सादर" इथे थांबायचं. मधे काय लिहायचं ते कोणालाच नीट माहीत नसतं, त्यामुळे मधे आलेल्या पत्रातलाच मजकूर परत उतरवला जातो.

तर इथे एकच फाईल घेऊन आवकेपासून रेकॉर्डरूमपर्यंत जाऊ. फाईल काल्पनिक आहे पण अशा फाईली प्रत्येक पंचायत समितीत दरवर्षी येतात. समजा, २४ मे रोजी वादळ झालं, जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या खोली क्र. ३ आणि ४ वरचे पत्रे उडाले. मुख्याध्यापकांनी ९ जूनला पत्र लिहिलं, शाळा १६ जूनला उघडणार. तुम्ही पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कनिष्ठ सहायक आहात आणि हे पत्र तुमच्या टेबलवर येणार आहे.

आवक

मुख्याध्यापक ११ जूनला तालुक्याला आले, पत्र थेट तुमच्या हातात दिलं आणि म्हणाले "साहेबांना दाखवा, अर्जंट आहे". नव्वद टक्के गोंधळ इथेच सुरू होतो, कारण हातात आलेलं पत्र आवकेला जात नाही, ड्रॉवरमध्ये जातं. पहिलं काम, पत्र आवक टेबलला द्या, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि मुख्याध्यापकांच्या दुसऱ्या प्रतीवर तोच शिक्का मारून पोहोच द्या. पत्रावरची तारीख ९ जून आणि आवक तारीख ११ जून हे दोन्ही वेगळं दिसायला हवं, कारण उद्या कोणी विचारलं की ऑफिसला कधी कळलं तर उत्तर ११ जून आहे, ९ नाही.

आवक रजिस्टर कसं वाचायचं ते पण सांगून ठेवतो. क्रमांक ४१७ नंतर ४१७/अ दिसला, किंवा दिवसाच्या शेवटी दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या दिसल्या, तर समजायचं की मागच्या तारखेत कागद घुसवायची सोय करून ठेवलीय. दिवस संपला की शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून तारखेसह सही करणं ही साधी सवय आहे, पण तिने हा सगळा खेळ बंद होतो.

आवकेनंतर अधिकारी पत्रावर मार्किंग करतात, म्हणजे कोणत्या टेबलला जायचं ते लिहून लघुस्वाक्षरी. मग ते तुमच्याकडे आलं की तुमच्या कार्यविवरण नोंदवहीत चढवायचं. याला बरेच जण नुसतं वर्कशीट म्हणतात. पत्र कोणाचं, विषय काय, तुमच्याकडे कधी आलं, काय केलं, कधी निकाली निघालं, एवढंच त्यात असतं. ही वही कंटाळवाणी आहे आणि बहुतेक ठिकाणी ती तपासणीच्या आदल्या रात्री एका बसणीत एकाच पेनाने भरली जाते. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच झोकात दिसल्या की तपासणी अधिकाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं.

नस्ती बांधणं

फाईलला दोन बाजू असतात, टिपणी भाग आणि पत्रव्यवहार भाग. ऑफिसातली माणसं आपापसात जे बोलतात, म्हणजे विचार, मत, आदेश, ते टिपणी भागात जातं. बाहेरून आलेलं आणि बाहेर गेलेलं सगळं पत्रव्यवहार भागात. दोन्हीचे पान क्रमांक वेगळे, आणि ते शाईने, कागद लागल्या लागल्या टाकायचे, पेन्सिलने नाही आणि "फाईल पूर्ण झाली की टाकू" असं तर अजिबात नाही. टिपणीत कशाचाही उल्लेख आला की पृ. २/प.वि., म्हणजे पत्रव्यवहार भागातलं पान २, असा संदर्भ द्यायचा म्हणजे साहेबाला शोधत बसावं लागत नाही, आणि उद्या ते पान गायब झालं तरी तिथे काहीतरी होतं हे टिपणीवरून सिद्ध होतं.

हे पानांचं प्रकरण किती गंभीर असतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. आदर्श सोसायटीचं प्रकरण २०१० मध्ये उघड झालं तेव्हा नगरविकास विभागातल्या फाईलमधली टिपणीची काही पानं गायब असल्याचं लक्षात आलं आणि त्याची वेगळी चौकशी करावी लागली. पानांना क्रमांक होते म्हणूनच अशी गोष्ट लक्षात येते, नाहीतर फाईल आहे तशीच होती असं म्हणायला कोणी मोकळा.

टिपणी लिहिणं

आता मुख्य काम. आधी नेहमीची टिपणी बघा:

"उपरोक्त विषयास अनुसरून सादर की, मुख्याध्यापक यांचे पत्र प्राप्त झाले असून शाळा दुरुस्ती करणे आवश्यक आहे. तरी योग्य त्या आदेशास्तव सविनय सादर."

यात चूक काही नाही, पण यात काहीच नाही. किती खोल्या, किती मुलं, शाळा कधी उघडणार, दुरुस्तीचा अधिकार कोणाला, तोवर मुलं कुठे बसणार, यातलं काहीही साहेबाला कळत नाही. मग साहेब "चर्चा करावी" लिहितात, फाईल परत येते, तुम्ही केबिनबाहेर उभे राहता आणि आठवडा जातो.

लिहायला बसण्याआधी आलेलं पत्र आणि त्याची जोडपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचायची. समजा मुख्याध्यापकांच्या पत्रात एक वाक्य आहे की खोली क्र. ४ च्या मागच्या भिंतीला तडा गेलाय. तलाठ्याच्या २५ मेच्या पंचनाम्यात ४२ पत्रे उडाल्याचं आणि दोन अँगल वाकल्याचं आहे, पण तड्याचा उल्लेख नाही. आता इथे तीन प्रकारचे कारकून असतात. एक जण हे बघतच नाही. दुसरा बघतो आणि गप्प बसतो, कशाला वाढवायचं म्हणून. तिसरा ते लिहितो. टिपणी अशी होते:

"१. पृ. १/प.वि. वरील मुख्याध्यापकांचे पत्र कृपया पाहावे. दि. २४ मे रोजीच्या वादळात खोली क्र. ३ व ४ वरील पत्रे उडाल्याचे कळवले आहे. दि. २५ मे चा पंचनामा पृ. २-३/प.वि. वर आहे. त्यानुसार ४२ पत्रे उडाले असून दोन अँगल वाकले आहेत.

२. या दोन खोल्यांत इयत्ता ३ री व ४ थीचे ३८ विद्यार्थी बसतात. शाळा दि. १६ जून रोजी सुरू होत आहे.

३. खोली क्र. ४ च्या मागील भिंतीस तडा गेल्याचे पत्रात नमूद आहे. पंचनाम्यात तसा उल्लेख नाही. तांत्रिक पाहणी अद्याप झालेली नाही.

४. दुरुस्तीस प्रशासकीय मान्यता जिल्हा परिषद स्तरावरून घ्यावी लागेल. त्यासाठी बांधकाम उपविभागाकडून अंदाजपत्रक आवश्यक आहे.

५. तोपर्यंत पर्याय: (अ) दोन्ही वर्ग गावातील समाजमंदिरात भरवणे. (ब) खोली क्र. १ व २ मध्ये सकाळ व दुपार अशी दोन सत्रे घेणे. समाजमंदिरात स्वच्छतागृह नाही, त्यामुळे (ब) सोयीचे वाटते.

६. सबब, उपअभियंता, बांधकाम यांना भिंतीच्या तपासणीसह अंदाजपत्रक सादर करण्याबाबत व मुख्याध्यापकांना (ब) प्रमाणे वर्ग भरवण्याबाबत आणि खोली क्र. ३ व ४ वापरात न घेण्याबाबत पत्र देण्यास मान्यता असावी. मसुदे सोबत सादर."

खाली सही, पदनाम, तारीख. वाचायला दोन मिनिटं लागतात आणि साहेबाला फक्त "मान्य" लिहायचं उरतं. लक्षात घ्या की परिच्छेद १ ते ३ मध्ये फक्त वस्तुस्थिती आहे, तुमचं मत नाही. मत पाचव्यात आलंय आणि त्याला कारण दिलंय. वस्तुस्थिती आणि मत एकाच वाक्यात मिसळलं की पुढे वाचणाऱ्याला कळत नाही की कारकुनाने हे पाहिलं होतं की त्याला असं वाटलं होतं. आणि "मुख्याध्यापकांनी कळवले आहे", "पंचनाम्यात नमूद आहे", "पाहणी झालेली नाही" हे तीन शब्दप्रयोग टिपणी लिहिणाऱ्याचे खरे मित्र आहेत, कारण प्रत्येक गोष्ट कुठून आली ते त्यातून कळतं. आठ वर्षांनी ऑडिटर किंवा चौकशी अधिकारी ही फाईल उघडेल तेव्हा तुमची बदली होऊन गेलेली असेल, साहेब रिटायर झालेले असतील, विचारायला कोणी नसेल. त्याच्यापुढे हे सहा परिच्छेदच असतील.

वरून काय येतं

फाईल विस्तार अधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे गटविकास अधिकाऱ्यांकडे जाते. नुसती सही करून पुढे सरकवणं म्हणजे खालच्या टिपणीशी सहमत आहे असाच अर्थ होतो, नंतर "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे चालत नाही, सही करताना हे डोक्यात असू द्या.

वेळेचं बंधन कायद्यातच आहे. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे, लोकांना तो फक्त बदल्यांसाठी आठवतो पण त्याचं कलम १० फाईलींबद्दल आहे. साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तात्काळ फाईल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची ४ दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर ३ महिन्यांत. आपली फाईल तातडीची आहे, तर वर तशी चिठ्ठी लावा, पण सगळ्याच फाईलींना लावू नका, मग त्या चिठ्ठीकडे कोणी बघत नाही.

फाईल अडवायची झाली तर कोणी नाही म्हणत नाही, शेरा मारतं. "तपासून फेरसादर करावे." काय तपासायचं ते लिहिलेलं नसतं. असा शेरा आला तर नुसतं परत "सविनय फेरसादर" लिहू नका. लिहा की "दि. १३ जूनच्या निर्देशानुसार तपासले. पंचनामा, पटसंख्या व खोल्यांची संख्या बरोबर आहे. अन्य मुद्दा असल्यास निर्देश व्हावेत." हे उद्धटपणा नाही, आता तपासलेलं काय ते कागदावर आलंय आणि फाईल दुसऱ्यांदा परत करायची तर वरच्याला मुद्दा लिहावा लागेल.

"तो भिंतीचा मुद्दा काढून टाक"

आता खरी परीक्षा. समजा साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, अरे तो तड्याचा मुद्दा काढून टाक, भिंत आली की बांधकामवाले नवी खोलीच सुचवतील, मग प्रस्ताव वर्षभर अडकेल, पत्र्यांचं तरी होऊ दे. साहेबांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही, अशाने प्रस्ताव अडकतात हे खरंच आहे. पण तडा खरा आहे का नाही हे अजून कोणालाच माहीत नाही, आणि तो मुद्दा टिपणीतून गेला तर ऑफिसला तड्याबद्दल कधी कळलंच नव्हतं असं चित्र तयार होतं.

इथे काय करायचं? पहिली गोष्ट, लिहिलेली आणि सही झालेली टिपणी बदलायची नाही. पान फाडून नवं लावायचं नाही, व्हाईटनर नाही, वर कागद चिकटवणं नाही. लिहिताना शब्द चुकला असेल तर एक रेघ, जेणेकरून खालचा शब्द वाचता येईल, आणि बाजूला लघुस्वाक्षरी. सही झाल्यानंतर मत बदललं तर खाली नवा परिच्छेद, नव्या तारखेने.

दुसरी गोष्ट, साहेबांना वेगळा निर्णय घ्यायचा पूर्ण अधिकार आहे. त्यांनी तुमच्या टिपणीखाली लिहावं की भिंतीचा मुद्दा स्वतंत्रपणे हाताळावा, सध्या फक्त छताचे अंदाजपत्रक मागवावे. बस. हा रीतसर निर्णय झाला, जबाबदारी ज्याची त्याच्याकडे गेली. बऱ्याचदा साहेबांना एवढं सांगितलं की ते स्वतःच लिहितात, कारण त्यांनाही पुढचं दिसत असतं.

तिसरी गोष्ट, ते लिहायला तयार नसतील आणि तोंडी सांगूनच करायला लावत असतील तर तोंडी आदेशाची नोंद तुम्ही करायची. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्येच हे आहे की वरिष्ठांचे निर्देश साधारणतः लेखी असावेत, आणि तोंडी दिले असतील तर नंतर लेखी दुजोरा मिळवावा. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम वेगळे आहेत पण पद्धत तीच. सुप्रीम कोर्टानेही टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ ला अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमावर काम करू नये, तोंडी निर्देशांची नोंद ठेवावी असं सांगितलंय. भाषा मात्र साधी ठेवायची:

"दि. १४ जून रोजी समक्ष चर्चेत झालेल्या निर्देशानुसार छताच्या दुरुस्तीपुरता प्रस्ताव सादर करण्यात येत आहे. भिंतीच्या तड्याबाबत पूर्वीच्या टिपणीतील परिच्छेद ३ कायम आहे. अवलोकनार्थ व पुष्टीसाठी सादर."

यात तक्रारीचा सूर नाही, कोणाला अडकवायचा आव नाही. काही जण अशा वेळी रागाने लांबलचक लिहितात, "मी वारंवार निदर्शनास आणून देऊनही", ते टाळा. चौकशीत असली भाषा तुमच्याच विरोधात वाचली जाते, आधीपासूनच वाद होता म्हणून हेतुपुरस्सर लिहिलं असं म्हणतात.

आणि हो, व्हॉट्सॲपवर आलेला आदेश. साहेबांनी रात्री मेसेज केला, सकाळी तुम्ही काम केलं, नंतर मेसेज डिलीट. मेसेज आला की त्याची प्रिंट किंवा निदान मजकूर, तारीख आणि वेळ टिपणीत उतरवून फाईल फिरवायची. मोबाईलमधला स्क्रीनशॉट तुमचा खाजगी पुरावा आहे, ऑफिसचा अभिलेख नाही.

मसुदा

टिपणीला मान्यता मिळाली म्हणजे आदेश झाला असं नाही, हा फार मोठा गैरसमज आहे. बच्चित्तर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच सांगितलंय की फाईलवर लिहिलेलं मत आदेश म्हणून बाहेर पडून संबंधिताला कळवलं जात नाही तोपर्यंत तो आदेश नाही, तोवर ते बदलू शकतं. त्यामुळे "साहेबांनी फाईलवर मान्य केलंय" असं ऐकून मुख्याध्यापकांनी काही केलं तर त्याला आधार नाही. पत्र जावक क्रमांकासह निघालं पाहिजे.

मसुदा कोणत्या प्रकारचा ते आधी ठरवा. मुख्याध्यापकांना आणि उपअभियंत्यांना साधं शासकीय पत्र. दाद मिळेना तेव्हा गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीने अर्धशासकीय पत्र, ज्यात अधिकारी अधिकाऱ्याला नावाने लिहितो. उपअभियंत्यांना जाणाऱ्या पत्रात "आवश्यक ती कार्यवाही करावी" असं लिहिलं तर ते काहीच करणार नाहीत आणि त्यांची चूकही नसेल, कारण तुम्ही मागितलं काय तेच स्पष्ट नाही. त्याऐवजी: "खोली क्र. ३ व ४ च्या छताचे अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसह दि. २५ जूनपर्यंत पाठवावे. खोली क्र. ४ च्या मागील भिंतीची पाहणी करून खोली वापरण्यायोग्य आहे किंवा नाही याबाबत लेखी अभिप्राय द्यावा." यात शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण आता उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागेल. (साहेबांनी भिंत वेगळी हाताळायची ठरवली असेल तर हे वाक्य दुसऱ्या पत्रात जाईल, पण जाईल.)

एखाद्याची मागणी नाकारायची असेल तर कारण पत्रातच लिहायचं. मोहिंदर सिंग गिल प्रकरणातला १९७७ चा निकाल सगळीकडे दिला जातो तो यासाठीच, आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जातो, नंतर कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन नवी कारणं जोडता येत नाहीत. "आपला अर्ज नियमात बसत नसल्याने नस्तीबद्ध करण्यात आला आहे" या वाक्यात कोणता नियम ते नाही, असलं पत्र अपिलात एका मिनिटात पडतं.

मसुदा मंजूर झाला की स्वच्छ प्रत काढायची आणि ती मसुद्याशी शब्दाला शब्द ताडून बघायची, विशेषतः तारखा, आकडे आणि "नाही". पूर्वी टायपिस्ट चुकायचे, आता जुनी वर्ड फाईल कॉपी केल्यामुळे दुसऱ्याच शाळेचं नाव राहतं. सहपत्रं किती पानं ते पत्रावर लिहायचं, आणि कार्यालयीन प्रतीवर जावक क्रमांक टाकून ती पत्रव्यवहार भागात लावायची.

वाट बघण्याचा गठ्ठा

पत्र गेलं की फाईल संपत नाही, ती प्रतीक्षाधीन होते. ज्यांच्याकडे सहा गठ्ठा पद्धत नीट पाळली जाते त्यांना हे माहीत आहे. टेबलवरचे कागद सहा गठ्ठ्यांत असतात: आज काम करायचं ते, उत्तराची वाट बघायची ते, ठराविक काळाने पाठवायच्या माहितीचे म्हणजे नियतकालिके, स्थायी आदेश, रेकॉर्डरूमला जायचे, आणि ड वर्गाचे म्हणजे मुदत संपली की नष्ट करायचे. गडबड सगळी दुसऱ्या गठ्ठ्यात होते, कारण तिथला कागद ओरडत नाही. दर आठवड्याला एक दिवस ठरवून तो गठ्ठा वरून खालपर्यंत उलटायचा एवढंच.

२५ जून गेला, अंदाजपत्रक आलं नाही, तर स्मरणपत्र. फोन पण करा, फोननेच काम होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण फोन झाल्यावर टिपणीत एक ओळ टाका की दि. २७ जून रोजी दूरध्वनीवरून शाखा अभियंत्यांशी बोलणे झाले, आठवडाभरात पाहणी करणार असल्याचे सांगितले. समजा मग १० जुलैला छताचं २ लाख ३० हजारांचं अंदाजपत्रक आलं आणि भिंतीबद्दल एक शब्द नाही. इथे बरेच जण आनंदाने प्रस्ताव पुढे पाठवून देतात. पाठवाच, छप्पर थांबायला नको, पण टिपणीत लिहा की अभिप्राय अप्राप्त आहे, तोपर्यंत खोली क्र. ४ वापरात घेऊ नये ही सूचना कायम ठेवावी, आणि बांधकामला पुन्हा पत्र.

ई-ऑफिसमध्ये काय बदललं

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि फाईलींचं मोठं नुकसान झालं, त्यानंतर महाराष्ट्रात डिजिटल फाईलींचा जोर वाढला. ई-ऑफिसमध्ये पिवळी नोट म्हणजे कच्ची, ती बदलता येते किंवा टाकून देता येते, हिरवी नोट पक्की झाली की ती पुसता येत नाही. पान फाडायचा प्रश्न मिटला, आणि फाईल कोणाकडे किती दिवस होती ते हिशोबासकट दिसतं.

पण दोन भोकं राहिलीत. एक, स्कॅन इतकं वाईट असतं की पंचनाम्यावरचे आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे अपलोड केल्यावर स्वतः उघडून वाचून बघा. दुसरं जास्त घातक, साहेबांची डिजिटल सहीची डोंगल आणि पासवर्ड दोन्ही कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये. मग "मान्य" कोणी केलं? सिस्टीम म्हणणार साहेबांनी, साहेब म्हणणार मी तर मीटिंगला होतो. डोंगल घेऊ नका, कितीही विश्वासाने दिली तरी.

निकाली काढणं आणि रेकॉर्डरूम

ऑक्टोबरमध्ये पत्रे बसले, काम पूर्ण झाल्याचा दाखला आला, आता फाईल बंद करायची घाई होते कारण महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात निकाली आकडा वाढतो. बंद करण्याआधी पहिली टिपणी परत वाचा, परिच्छेद एक एक करून. परिच्छेद ३ मधली भिंत अजून उघडीच आहे. तर एकतर अभिप्राय येईपर्यंत फाईल चालू ठेवा, नाहीतर भिंतीसाठी नवी नस्ती उघडून तिचा क्रमांक या फाईलच्या शेवटच्या टिपणीत आणि या फाईलचा क्रमांक तिच्या पहिल्या टिपणीत लिहा.

मग वर्गीकरण. अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क ची मुदत त्याहून कमी, ड म्हणजे वर्षभर. इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न असलेली फाईल ड मध्ये टाकून पुढच्या वर्षी रद्दीत गेली तर ते नियमात बसवून केलेलं गायब करणंच आहे. वर्गीकरण तुमच्या विभागाच्या अनुसूचीप्रमाणे करायचं, गठ्ठा किती जड झालाय ते बघून नाही. नष्ट करताना यादी आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये बेकायदा अभिलेख नष्ट करणं किंवा हलवणं यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे, ५ वर्षांपर्यंत.

पालकाने ही फाईल कशी मागायची

शेवटचं, टेबलच्या पलीकडच्या लोकांसाठी. माहिती अधिकार आला तेव्हा केंद्राच्या कार्मिक विभागाचं म्हणणं होतं की टिपण्या यात येत नाहीत, पण केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्येच टिपणी हा फाईलचा भाग आहे आणि ती मागता येते असा निर्णय दिला. त्यामुळे "टिपणी गोपनीय असते" असं तोंडी सांगून कोणी परत पाठवलं तर लेखी कारण आणि कलम मागा. "फाईल सापडत नाही" हे तर कायद्यात नकाराचं कारणच नाही, अशा वेळी पहिल्या अपिलात शोध घेऊन जबाबदारी निश्चित करा अशी मागणी करायची.

अर्जात "शाळा दुरुस्तीबाबत संपूर्ण माहिती द्या" असं लिहू नका, त्याला गोल उत्तर येतं. असं लिहा: अमुक शाळेच्या खोली क्र. ३ व ४ च्या दुरुस्तीच्या नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भागाच्या पृष्ठ क्रमांकांसह प्रती, दि. ९ ते १५ जून या काळातील आवक नोंदवहीच्या पानांच्या प्रती, आणि संबंधित टेबलच्या कार्यविवरण नोंदवहीतील या पत्राच्या नोंदीची प्रत. तिन्ही कागद हातात आले की आधी मजकूर वाचू नका, आधी तारखा एकाखाली एक लिहा आणि पान क्रमांक मोजा. कुठल्या टेबलवर किती दिवस गेले आणि मधे कुठलं पान नाही ते तिथेच कळतं, मग त्या जागेपासून वाचायला सुरुवात करा.